घरच्या वायरिंगसाठी पहिली हत्यारपेटी: काय घ्यायचं, काय तपासायचं आणि टेस्टरवर किती विसंबायचं?

खेड्यातल्या बऱ्याच घरांत विजेच्या कामाचं सामान म्हणजे कपाटावर पडलेला एक जुना टेस्टर, नळाचा नट फिरवायलाही वापरली जाणारी पक्कड आणि चिकट होऊन गुंडाळी सुटलेली टेप. वायरमन तालुक्याच्या गावी असतो, आज-उद्या करत दोन दिवस जातात. तोवर घरातलंच कुणीतरी बोर्डाचे स्क्रू सोडतं. काम होतंही, पण हातातलं हत्यार त्या कामासाठी बनलेलं नसेल तर छोट्या दुरुस्तीतही शॉक बसतो.

घरगुती हत्यारपेटी कशी भरायची हे ठरवण्याआधी ती कोणत्या कामासाठी आहे हे ठरवावं लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत याची रेघ आखलेली आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं व फिटिंग जशीच्या तशी बदलणं याला सूट आहे. वायरिंग वाढवणं, नवीन पॉइंट काढणं, त्यात फेरफार करणं ही परवानाधारक ठेकेदाराची कामं. म्हणजे घरच्या पेटीतून जुन्या जागी नवा स्विच बसवता येतो, पण गोठ्यापर्यंत नवी लाईन ओढता येत नाही. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीचा स्टार्टरही या पेटीच्या बाहेरचा. घरात २३० व्होल्ट असतात, तिथे दोन फेजमध्ये चारशेच्या वर.

टेस्टर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेलं हत्यार

साध्या टेस्टरच्या पोटात तीनच गोष्टी असतात: एक रेझिस्टन्स, एक छोटा निऑन दिवा आणि एक स्प्रिंग. पातं फेजला टेकवून मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवलं की अगदी थोडा करंट रेझिस्टन्समधून, दिव्यातून आणि माणसाच्या अंगातून जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. रेझिस्टन्स साधारण दहा लाख ओहमच्या घरातला असतो. त्यामुळे हा करंट एक मिलिअँपियरच्या चौथ्या भागाएवढाच राहतो आणि शॉक जाणवत नाही. जीव सांभाळणारी वस्तू म्हणजे तो काडीएवढा रेझिस्टन्स. टेस्टर खोलून साफ करताना तो हरवला, किंवा टेस्टर पावसात भिजून आत पाणी शिरलं, तर तो टेस्टर फेकून द्यायचा. वाळवून पुन्हा वापरायचा नाही.

विकत घेताना आत रेझिस्टन्स आहे की नाही ते पारदर्शक दांड्यातून पाहावं. पात्यावर टोकापर्यंत प्लास्टिकची नळी चढवलेली असावी आणि पुढे जेमतेम सेंटिमीटरभर धातू उघडा असावा. नळी नसेल तर बोट घसरून सरळ पात्याला लागतं. टेस्टरने स्क्रू आवळायची सवयही सोडावी. जोर लावला की दांडा आतून तडकतो. तो तडा वरून दिसत नाही.

गैरसमज असा की टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईट नाही. टेस्टर न पेटण्याची कारणं बरीच आहेत. आतला दिवा गेलेला असू शकतो. उन्हात अंधुक दिवा दिसत नाही. माणूस प्लास्टिकच्या स्टुलावर रबरी चप्पल घालून उभा असेल तर करंटला जमिनीकडे जायला नीट वाट नसते आणि दिवा इतका मंद पेटतो की नजरेत येत नाही. टोपीवर बोट नीट टेकलं नसेल तरी तेच. या प्रत्येक वेळी तार चालू असते आणि टेस्टर मात्र गप्प असतो.

म्हणून टेस्टर तीनदा लावायचा. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या पॉइंटवर लावून तो पेटतो हे पाहायचं. मग कामाच्या जागी लावायचा. मग पुन्हा त्याच चालू पॉइंटवर लावून तो मध्येच बिघडला नाही ना हे बघायचं. खोलीचा वेगळा एमसीबी असेल तर शेजारच्या खोलीतला प्लग यासाठी कामी येतो. सगळ्या घराला एकच मेन स्विच असेल तर तो पाडल्यावर चालू पॉइंटच उरत नाही. तेव्हा कामाच्या जागीच टेस्टर पेटलेला धरायचा आणि दुसऱ्याला मेन पाडायला सांगायचं. दिवा डोळ्यांदेखत विझला पाहिजे.

स्क्रू ड्रायव्हर: मूठ प्लास्टिकची असून भागत नाही

दुकानात दिसणाऱ्या बहुतेक स्क्रू ड्रायव्हरना प्लास्टिकची मूठ असते, पण लोखंडी दांडा उघडाच असतो. बोर्डाच्या आत असा दांडा एका स्क्रूवर असताना शेजारच्या चालू टर्मिनलला टेकतो आणि तिथेच ठिणगी उडते. विजेच्या कामाचा इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर वेगळा असतो. त्याच्या मुठीपासून पात्याच्या टोकापर्यंत इन्सुलेशनचा एकसंध थर असतो आणि फक्त टोक उघडं असतं. त्यावर एकमेकांवर चढलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा छापलेला असतो. या दर्जाची हत्यारं कारखान्यात दहा हजार व्होल्टवर तपासलेली असतात.

साध्या स्क्रू ड्रायव्हरवर वायरची नळी किंवा टेप चढवून ही सोय होत नाही. टेप ढिली होते, तिच्यात ओल धरते, आणि माणूस मात्र ती आहे या भरवशावर हात घालतो.

सुरुवातीला तीन पुरतात. स्विच आणि होल्डरच्या बारीक स्क्रूंसाठी साधारण ३ मिलिमीटर पात्याचा चपटा, एमसीबी व मोठ्या टर्मिनलसाठी ५ ते ६ मिलिमीटरचा चपटा, आणि बोर्डाच्या प्लेटसाठी २ नंबरचा चौफुली. पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसायला हवं. लहान पात्याने मोठा स्क्रू आवळला तर खाच खराब होते आणि स्क्रू अर्धवट आवळलेला राहतो. घरच्या वायरिंगमध्ये जळण्याचं मोठं कारण हा अर्धवट आवळलेला स्क्रूच असतो.

पक्कड आणि वायर सोलायचं हत्यार

पकडी दोन घ्याव्यात. एक आठ इंची साधी पक्कड: तार कापायला, पिळायला, धरायला. दुसरी सहा इंची लांब तोंडाची, म्हणजे नोज प्लायर, कारण बोर्डाच्या डब्यात बोटं शिरत नाहीत. दोन्हींच्या मुठींवर जाड आवरण आणि तीच दोन त्रिकोणांची खूण असावी. मुठीच्या पुढच्या टोकाला हात घसरू नये म्हणून उंचवटा असतो, तो आहे ना ते बघावं. आवरणाला चीर गेली, खिळ्याने भोक पडलं किंवा ते मुठीवर सरकायला लागलं, की ती पक्कड विजेच्या कामातून बाद. कुंपणाच्या तारेला ती वापरायला हरकत नाही, पण मग पुन्हा पेटीत ठेवायची नाही.

वायर दाताने किंवा ब्लेडने सोलायची पद्धत सर्रास आहे. ब्लेड आतल्या तांब्याच्या दोन-चार तारा कापून टाकतं. उरलेल्या तारांवर सगळा भार येतो आणि नेमकी ती जागा तापते. वायर स्ट्रिपरला वायरच्या जाडीनुसार भोकं असतात, त्यामुळे फक्त वरचं प्लास्टिक निघतं. सोलल्यावर एकही तार तुटलेली दिसली तर तेवढं टोक कापून पुन्हा सोलायचं.

मल्टिमीटर का लागतो?

टेस्टर फेज आहे की नाही एवढंच सांगतो. न्यूट्रल धड आहे का, अर्थिंग येतं का, व्होल्टेज किती आहे, हे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पेटीत असावा. ६०० व्होल्ट, कॅट ३ असं लिहिलेला घेतलेला बरा.

वापरताना दोन गोष्टी आधी बघायच्या. काळी वायर सामाईक भोकात आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, आणि गोल बटण एसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर आहे ना. लाल वायर चुकून १० अँपियरच्या भोकात राहिली आणि टोकं प्लगमध्ये घातली, तर ते सरळ शॉर्ट सर्किट होतं.

दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो तेव्हा

पेटी खरी कशी लागते ते एका नेहमीच्या बिघाडावरून कळतं. समजा, स्वयंपाकघरातल्या बोर्डावर एक एलईडी बल्ब आणि मिक्सरचा पाच भोकांचा प्लग आहे. सकाळी बल्ब लागत नाही, मिक्सरही फिरत नाही. शेजारच्या खोलीत मात्र पंखा चालू आहे.

प्लगकडे तोंड करून, अर्थिंगचं मोठं भोक वर ठेवून पाहिलं तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवं. उजव्या भोकात टेस्टर पेटतो. म्हणजे फेज आलेला आहे. डाव्या भोकात लावला तर तिथेही पेटतो! ‘दोन्हीकडे फेज आला’ म्हणून घरात गोंधळ उडतो. आता बल्बचं बटण बंद करून पुन्हा बघायचं. उजवीकडे टेस्टर तसाच पेटतो, डावीकडचा विझतो.

याचा अर्थ बोर्डाकडे येणारी न्यूट्रलची तार मागे कुठेतरी सुटली आहे. बल्बचं बटण चालू असताना फेज बल्बमधून जाऊन न्यूट्रलच्या तारेत येतो. पुढे वाट तुटलेली असल्यामुळे तो तिथेच अडतो. बल्ब लागत नाही, पण काळी तार चालू झालेली असते. मिक्सर बंद, बल्ब बंद, म्हणून ‘लाईटच नाही’ असं समजून काळ्या तारेला हात लावणारा इथेच फसतो.

खात्री मल्टिमीटरने होते. उजव्या आणि डाव्या भोकात टोकं घातली तर २३०च्या आसपास आकडा दिसायला हवा, इथे तो येत नाही. उजवं भोक आणि वरचं अर्थिंग यांत मात्र २३०च्या आसपास दिसतं. म्हणजे फेज ठीक, अर्थिंग ठीक, न्यूट्रल तुटलेलं. इथेही २३० दिसलं नाही तर अर्थिंगही येत नाही असा संशय धरायचा आणि ते काम वायरमनकडून तपासून घ्यायचं. ही तपासणी बल्ब-होल्डरला दोन वायरी जोडून केलेल्या टेस्ट लॅम्पने करू नये. अर्थिंग तुटलेलं असेल तर बल्बमधून आलेला फेज फ्रिज आणि मोटारीच्या पत्र्यावर पसरतो.

आता दुरुस्ती. मेन पाडायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच स्वतःची वीज वायरिंगमध्ये सोडतो. लोडशेडिंगच्या गावांत आणखी एक सवय घातक आहे: लाईट गेलेलीच आहे म्हणून मेन न पाडताच बोर्ड उघडणं. लाईट येण्याआधी कुणाला विचारत नाही. लाईट असो नसो, मेन पाडायचाच आणि त्याच्याजवळ घरातलं जाणतं माणूस उभं करायचं.

उजव्या आणि डाव्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत नाही, मल्टिमीटरही शून्य दाखवतो, हे बघूनच प्लेट काढायची. बहुतेक वेळा दिसतं ते असं: न्यूट्रलच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला, काळ्या वायरचं टोक जळून कडक झालेलं, आसपासचं प्लास्टिक तपकिरी. ढिल्या सांध्यात मिक्सरचा भार आला की तो तापतो, तापून आणखी ढिला होतो आणि एक दिवस सुटतो.

जळालेलं टोक पकडीने कापायचं. तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे यायचं. काळं पडलेलं तांबं घासून तसंच बसवलं तर महिन्याभरात तोच बिघाड पुन्हा येतो. साधारण सेंटिमीटरभर वायर स्ट्रिपरने सोलून तारा एकत्र पिळायच्या, टर्मिनलमध्ये पूर्ण आत घालून स्क्रू आवळायचा आणि वायर हाताने ओढून बघायची. ती हलता कामा नये. बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. प्लग तपकिरी पडला असेल तर तोही बदलायचा, कारण तापून मऊ पडलेली त्याची आतली पितळी पट्टी पिन घट्ट धरत नाही.

प्लेट लावून मेन आणि इन्व्हर्टर चालू केल्यावर शेवटची तपासणी: उजवीकडे टेस्टर पेटतो, बल्ब चालू असतानाही डावीकडे पेटत नाही, दोन्हींमध्ये २३०च्या आसपास व्होल्ट. एवढं जुळलं की मगच मिक्सर लावायचा.

टर्मिनल घट्ट आहे, वायर धड आहे आणि तरीही न्यूट्रल येत नाही, तर बिघाड भिंतीतल्या पाइपात किंवा मागच्या जोडात आहे. तिथे घरच्या पेटीचं काम संपतं. आणि घरातले काही दिवे अचानक भगभगीत, तर काही मंद झाले, शेजाऱ्यांकडेही तोच प्रकार असेल, तर न्यूट्रल खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरवर तुटलेलं असू शकतं. त्या वेळी टेस्टर शोधत बसायचं नाही. मेन पाडून महावितरणला १९१२ वर कळवायचं. अशा वेळी घरात २३०पेक्षा बरंच जास्त व्होल्टेज शिरतं आणि टीव्ही, फ्रिज काही क्षणांत जळतात.

सोबत ठेवायचे सुटे भाग

सुटे भाग थोडेच पण नेमके असावेत. ६ अँपियरचे दोन स्विच, एक पाच भोकांचा प्लग, एक बल्ब-होल्डर, ६ अँपियरची एक तीन पिनांची पिन आणि १६ अँपियरची एक. स्विच आणि प्लग घरात आधी बसवलेल्या मापाचेच घ्यावेत. एका पद्धतीचा मोड्यूलर स्विच दुसऱ्याच्या प्लेटमध्ये बसेलच असं नाही. जुना एक काढून दुकानात नेला की चूक होत नाही. चांगल्या टेपची गुंडाळी हवीच, पण ती सांध्यावरचं उघडं तांबं झाकण्यासाठी. ढिला सांधा टेपने घट्ट होत नाही.

वायरचे तुकडे जाडीप्रमाणे वेगळे ठेवावेत. दिवा-पंख्याच्या बोर्डात दीड एमएमची, तर १६ अँपियरच्या प्लगला किमान अडीच एमएमची वायर लागते. हीटर किंवा इस्त्रीच्या प्लगला बारीक वायर जोडली तर सांधा कितीही चांगला असला तरी वायरच तापते. फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी, असे दोन-दोन मीटर पुरतात. हिरवी वायर फेजसाठी कधीच वापरायची नाही. पुढच्या वेळी बोर्ड उघडणारा ती अर्थिंग समजूनच धरेल.

जुन्या घरांत एमसीबीऐवजी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतात. तिथे फ्यूज वायरचं कार्ड ठेवावं, दिव्यांच्या लाईनला ५ अँपियरची तार. तार वारंवार उडते म्हणून वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून घातल्या जातात. मग शॉर्ट झालं तरी फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तार जाड करायची नसते, भार कुठे वाढला किंवा कुठे शॉर्ट आहे ते शोधायचं असतं.

पंख्याचा एक कॅपॅसिटर ठेवला तर उन्हाळ्यात उपयोगी पडतो. बहुतेक छताच्या पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, पण जुन्यावरचा आकडा वाचूनच तेवढाच घ्यावा. पंखा गुणगुणतो, सुरू होत नाही, आणि पाती काठीने ढकलल्यावर फिरायला लागतात, तर बिघाड बहुधा कॅपॅसिटरचाच. बदलण्याआधी मेन पाडून त्याची दोन्ही टोकं इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर एकमेकांना टेकवावीत, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो.

पेटी कुठे ठेवायची?

कापडी किंवा प्लास्टिकची पिशवी लोखंडी पेटीपेक्षा बरी, कारण पत्र्याच्या कडांनी मुठींचं आवरण कापत नाही. नांगराचे पाने, खिळे, ग्रीस यांच्यात ही हत्यारं टाकायची नाहीत. जागा कोरडी आणि अंधारातही हाताला सापडेल अशी असावी, सोबत एक बॅटरी असावी. पावसाळ्याआधी एकदा सगळी हत्यारं उजेडात काढून पाहावीत: टेस्टरमध्ये ओल, पकडीच्या मुठीला चीर, स्क्रू ड्रायव्हरच्या नळीला तडा, मल्टिमीटरच्या वायरीला कुठे तांबं उघडं. यातलं काहीही दिसलं तर ते हत्यार त्याच दिवशी पेटीतून काढून नवं घ्यायचं.

पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर आधी टेस्टर, दोन चपटे इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर आणि आठ इंची पक्कड घ्यावी. चौफुली, नोज प्लायर, स्ट्रिपर आणि मल्टिमीटर त्यानंतर. पण मल्टिमीटर येईपर्यंत दोन्ही भोकांत टेस्टर पेटवणारा बोर्ड उघडू नये. त्याचा मेन पाडून वायरमनची वाट पाहिलेली बरी.